भांगललेल्या ओळींचा निबंध

निपाणीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सुविधा शिंत्रे यांचा शोधनिबंध छापून आला आणि बढतीच्या अर्जाला जोडला गेला. शेवग्याच्या पाल्याचा अर्क फवारला की सोयाबीन अठरा टक्के जास्त येतं, असं त्यात होतं. प्रयोग चुलते आण्णाप्पांच्या रानात झाला होता; काही ओळी फवारल्या होत्या, काही तशाच ठेवल्या होत्या. छापण्याआधी दोन अनोळखी तज्ज्ञांनी चार महिने निबंध तपासला, आकडेमोड पुन्हा करायला लावली. ‘बाकी मशागत सगळ्या ओळींची सारखी होती का?’ हेही विचारलं. सुविधाताईंनी ‘होय’ लिहून पाठवलं.

पेढे द्यायला त्या रानात गेल्या.

आण्णाप्पा खुशीत म्हणाले, “पीक जास्त येणारच की. फवारलेल्या ओळी मी तीनदा भांगलल्या, तण म्हणून ठेवलं न्हाय. तुझ्या प्रयोगाची पाटी तिथं, लोक बघत्यात. बाकीच्या एकदाच.”

सुविधाताईंच्या हातातला पेढा तसाच राहिला. “आप्पा, मग पीक अर्कानं वाढलं का भांगलणीनं?”

“ते मला काय ठावं? तज्ज्ञांनी तपासलंय न्हवं?”

“त्यांनी लिहिलेलं तपासलं. रान कुठं बघितलं त्यांनी?”

“आणि लिहिलं कुणी?”

“मी.”

“मला इचारलंतंस?”

“न्हाय.”

त्याच संध्याकाळी त्यांनी संपादकांना सगळं कळवून निबंध मागे घेण्याची विनंती केली आणि बढतीचा अर्जही परत मागितला. आण्णाप्पांना मात्र त्या दोन तज्ज्ञांचा राग आला. “लई शिकलेली माणसं,” ते म्हणाले, “एक फोन केला असता तर मी खरं सांगितलं असतं.”