तिसऱ्या दिवशीचं बारसं

आमच्या कवठे महांकाळ भागात मेंढरं पाळली तर कुणी काही म्हणत नाही, डुकरं पाळली की मात्र पावणेरावळे चहाचा कप लांब धरून बसतात. माझा नवरा फौजेत. ईशान्येकडं पोस्टिंग असताना त्यानं घरोघरी डुकरं बघितली आणि सुट्टीवर आल्यावर शेड बांधून मोकळा झाला. सिमेंटची फरशी, पाण्याचा पाईप, वर पत्रे. एक पांढरी गाभण मादी आणून बांधली आणि आठ दिवसांनी गेला ड्युटीवर. राहिले मी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणते. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. डुकराचं नाव काढलं की थुंकायचे, पण मादीला भरडा घालायला सकाळी माझ्या आधी हजर.

मादी व्याली, दहा पिल्लं झाली. मी इतकी खूश की नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावून एकेकाचं तोंड दाखवलं. जनावरांच्या डॉक्टर मॅडम आल्या, पिल्लं बघितली आणि औषधाची बाटली हातात ठेवून बजावून गेल्या, "तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन. मानेत, कानाच्या मागं, प्रत्येकाला एक मिली. चुकवू नका."

तिसऱ्या दिवशी मी सुई काढली तर मामा दारात आडवे. आमच्या घरात पोर असो की कोकरू, बारा दिवसांच्या आत अंगाला सुई लावत नाहीत. पोराचे कान बाराव्या दिवशी टोचायचे, कोकराच्या कानाला खूण करायची तीही त्यानंतर. "वल्या जीवाला टोचायचं न्हाई," मामा म्हणाले. "गावातली डुकरं उकिरड्यावर लोळत्यात, त्यांना कोण सुया देतंय? लय धष्टपुष्ट हायती."

मला राग आला होता. पण नवरा लांब, घरात दोघंच, भांडून राहायचं कुठं? म्हटलं, नऊ दिवसांनी काय बिघडतंय. बाटली कपाटात ठेवली. बाराव्या दिवशी अमावस्या निघाली, म्हणून मामांनी आणखी चार दिवस पुढं ढकललं. बाटली तशीच कपाटात राहिली.

दहाव्या दिवसापासूनच पिल्लांची कातडी पांढुरकी दिसायला लागली होती. मला वाटलं, पांढऱ्या जातीची आहेत, असणारच. शिवाय मी दिवसातून दोनदा फरशी घासून काढायची, मातीचा कण राहू द्यायची नाही, आणि त्याचा मला गर्व होता. मग केस राठ झाले, पिल्लं आईच्या कुशीत लोळत पडायला लागली, थोडं पळाली की बरगड्या धपापायच्या. चौदाव्या दिवशी सकाळी सगळ्यांत मोठं पिल्लू मेलेलं. आदल्या सांजेला चांगलं दूध पीत होतं. पंधराव्या दिवशी आणखी दोन, तीही गुबगुबीत. बारकी जगली आणि मोठी गेली, हे मला काही केल्या कळेना.

मॅडमनी येऊन एक पिल्लू उचललं, त्याचा कान उन्हाकडं धरला. कागदासारखा पांढरा. तिथंच सगळ्यांना इंजेक्शन दिलं आणि मग मला नीट समजावलं. पिल्लू जन्मताना अंगात थोडंसंच लोह घेऊन येतं. आईच्या दुधात बाकी सगळं असतं, लोह जवळपास नसतंच. डुकराचं पिल्लू वाढतं मात्र झपाट्यानं, आठवड्यात दुप्पट होतं, आणि तेवढं रक्त बनवायला लोह आणायचं कुठनं? जे जास्त वाढतं त्याचं लोह आधी संपतं, म्हणून मोठी गेली. "उकिरड्यावरची पिल्लं माती उकरतात, त्यातनं त्यांना लोह मिळतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या फरशीवर काय मिळणार? पहिल्या दिवशी चीक पिऊ द्यायचा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी इंजेक्शन द्यायचं. साठा संपायच्या आत."

मामा खांबाला टेकून ऐकत होते. उरलेली सात तगली, पण खुरटलेलीच राहिली. ती विकून टाकल्यावर मामांनी एकदाच तोंड उघडलं, "पुन्यांदा असं झालं तर शेड मोडायची. जीव मेलेलं माझ्यानं बघवत न्हाई." बोलणं कडक होतं, पण डोळे भरलेले मी बघितले. शेड माझी होती. लग्नानंतर माझं म्हणून असलेलं ते पहिलंच काहीतरी. मी मनाशी ठरवून टाकलं, पुढच्या खेपेला तिसऱ्या दिवशी सुई म्हणजे सुई, मग घरात महाभारत झालं तरी चालेल.

मादी पुन्हा व्याली, या वेळी अकरा. आणि योग असा की तिसऱ्या दिवशी कुंडलला मामांच्या नातीच्या पोराचं बारसं. पणजोबा म्हणून मामांचा मान मोठा, त्यांच्याच मांडीवर बाळाचे कान टोचायचे. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सकाळी धोतर-पटका इस्त्री करून दिला, डबा दिला, "सावकाश या, मुक्काम करा," असंही म्हणाले. एरवी मी इतकी गोड बोलत नाही. मामांनी माझ्याकडं जरा रोखून बघितलं आणि एसटीला निघून गेले.

ते वळणावर दिसेनासे झाले तशी मी बाटली काढली. पण एका हातात किंचाळणारं पिल्लू, दुसऱ्या हातात सिरिंज, मानेची कातडी बाजूला ओढायची कशानं? पहिलंच पिल्लू निसटलं. मादी उठून फुरफुरायला लागली. मी घामाघूम झाले, आणि मागून आवाज आला, "एकटीला जमतंय व्हय गं?"

मामा. इस्त्रीचा पटका तसाच डोक्यावर. मी सिरिंज पदराआड धरली.

"मामा, आज तिसरा दिवस हाय," एवढंच निघालं तोंडातून.

"ठावं हाय मला. मोजतोय की. म्हनूनच स्टँडावरनं माघारी आलो." त्यांनी धोतर खोचलं, आत शिरले, मादीला बोलत बोलत फळीमागं घेतलं. कोकरू धरावं तसं पिल्लू मांडीत दाबून धरलं. काय सांगू, ते किंचाळायचंच थांबलं. "त्या तिघांचा घोर मला लागलाय पोरी. तू सुई काढली हुतीस, मीच टोचू दिलं न्हाई. आता टोच."

मी कातडी बाजूला ओढली, औषध दिलं, कातडी सोडली, की भोक झाकलं जातं आणि औषध आतच राहतं. एकाला झालं की मामा त्याच्या पाठीवर खडूची रेघ मारायचे. अर्ध्या तासात अकरा झाली. तीन आठवड्यांनी मॅडम आल्या तेव्हा अकराच्या अकरा गुलाबी आणि इतकी दांडगी की एकानं त्यांची पिशवीच पालथी केली. मी तर भाकरी थापताना सुद्धा गाणं म्हणत होते.

पण त्या सुईच्या दिवशी, शेवटचं पिल्लू आईकडं सोडून मामा उंबऱ्यावर बसले होते, पटक्याला घाण लागलेली, तेवढ्यात कुंडलहून फोन आला. सगळे खोळंबले होते. मामांनी फोन कानाला लावला.

"मी न्हाई येत आज. तुमी टोचून घ्या कान," ते म्हणाले. "आमच्याकडं बी बारसं हाय. अकरा जणांचं."

पलीकडून कुणाचं म्हणून विचारलं असणार. मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं.

"कुनाचं म्हंजे? माझ्या सुनंचं घर हाय न्हवं, तिच्या घरचं."