सातवी गाठ

बांधकामावर तिला सगळे फूटपट्टी म्हणतात. परांची बांधण्यात तिची वीस वर्षं गेली, पण मोजायला तिच्या कमरेला असते फक्त एक दोरी, दर पाच फुटांवर गाठ मारलेली.

त्या दिवशी दुमजली घराच्या बाहेरच्या भिंतीला गिलावा करायचा होता. भिंत तीस फूट लांब, वीस फूट उंच. गवंडी तिचा धाकटा दीर. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणीतरी बांधलेल्या परांचीवरून पडला आणि तेव्हापासून जमिनीवरचीच कामं करत होता. आज पहिल्यांदा वर चढणार होता. सकाळपासून विनोद जरा जास्तच करत होता, त्यावरून तिने काय ते ओळखलं.

मुकादमाने उभे करायला बारा बांबू आणले होते.

"दोन कमी आहेत," ती म्हणाली.

"तिसाला पाचाने भाग. सहा. भिंतीकडची एक रांग, बाहेरची एक. झाले बारा! शाळेत गेली होतीस का?"

तिने कमरेची दोरी सोडली. पहिली गाठ भिंतीच्या एका कोपऱ्यावर धरली आणि दुसरं टोक मुकादमाच्या हातात दिलं. "जा त्या कोपऱ्यापर्यंत. आता गाठी मोजा."

मुकादम मोजत परत आला. "सात," तो पुटपुटला.

"सहा ते गाळे. बांबू गाठीवर उभा राहतो, गाळ्यात नाही."

"मग जरा ओढून बसव ना! सहा-सहा फुटांवर."

"मालाच्या घमेल्यासकट माणूस मधोमध उभा राहिला की फळी झोपाळा होते. आणि त्या फळीवर माझा दीर असणार."

मुकादमाने टेम्पोवाल्याला फोन लावला.

दोन बांबू येईपर्यंत ती थांबली नाही. वीसफुटी बांबू दीड फूट गाडले. पाच, दहा आणि पंधरा फुटांवर आडवे बांधले, अठरावर कठडा. जोड आला तिथे दोन बांबू चांगले हातभर एकमेकांवर चढवले. प्रत्येक गाठीला चार वेढे, मग दोन्ही बांबूंच्या मधून दोन आवळ वेढे. तिरपे बांबू लावले, खिडक्यांतून परांची घराला जखडली. चौदावा बांबू शेवटच्या कोपऱ्यात उभा राहिला.

मग चहाचा पेला घेऊन ती स्वतःच पंधरा फुटांवर चढली, नेमक्या त्याच कोपऱ्यात. फळीवर दोनदा दणादणा पाय आपटले. पेल्यातला चहा हिंदकळला, परांची नाही.

"भावजी, येताय की चहा इथेच संपवू?"

दिराने शिडीला हात लावला, क्षणभर थांबला, आणि चढला. वर येऊन कठड्याला एक हिसका दिला. तो हलला नाही. मग त्याने तिच्या हातातला पेला घेऊन एक घोट प्यायला.

"वहिनी, गाठ कडक आहे. चहा पातळ."

"चहा मुकादमाने केलाय," ती म्हणाली, "त्याच्या हिशेबाने."

खालून मुकादम ओरडला, "ऐकू येतंय मला!"

दिराने थापी उचलली आणि कोपऱ्यापासूनच सुरुवात केली.