आत्याला आलेला अंगठा

गल्लीत आवई अशी, की आत्याला कुणी मेसेजवर अंगठा पाठवला की ती त्याच्या पोराला व्हॅनमध्ये घेत नाही. साफ खोटं. शाळेची व्हॅन सुरू करण्याआधी ती पालकांच्या ग्रुपवर "सुप्रभात, निघतेय" टाकते, आणि तिला अंगठाच हवा असतो. अंगठा म्हणजे पोर तयार. एकदा कुणा हौशी आईने "आपला दिवस फुलासारखा उमलो" म्हणत गुलाबांचा ढीग ओतला. बाकीचे कशाला मागे राहतात! त्या ढिगाखाली "मुलीला ताप आहे, येणार नाही" हा निरोप गाडला गेला, आणि आत्या बंद दारासमोर हॉर्न वाजवत बसली.

"गुलाब कुंडीत लावा," तिने ग्रुपला बजावलं. "मला अंगठा पुरे."

तिचं बिनसलं ते सख्ख्या भावाशी, म्हणजे माझ्या पप्पांशी. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर पट्टी निघाली. आत्याने पहिला मेसेज स्वतः, एकेक अक्षर शोधत, पप्पांना लिहिला: "नमस्कार धाकट्या. आता दिसतंय. तू कसा आहेस?"

पप्पांनी कुणाच्या तरी कपाटाच्या बिजागराचा स्क्रू पिळता पिळता अंगठा ठोकला.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोनच लावला.

"अगं ताई, वाचलं म्हणूनच दिला ना."

"वाचलंस ते कळलं. कसा आहेस ते कुठे कळलं?"

"ग्रुपवर सगळ्यांचा चालतो, माझाच तेवढा टोचतो?"

"तिथे मी हाळी देते. 'ऐकलं' एवढंच हवं असतं. इथे तुला एकट्याला विचारलं. डोळे उघडल्यावर पहिली तुझ्या दारात आले, आणि तू आतूनच हात हलवून मोकळा झालास. आता तुझी पायरी चढायची नाही मी."

फोन बंद. "बहिणीला काय निबंध हवाय?" असं पप्पा दिवसभर भिंतींना विचारत होते. भिंतींनी उत्तर दिलं नाही. तेव्हा कसं वाटतं ते बहुधा कळलं असावं.

दुसऱ्या दुपारी, डोळ्यामुळे दारातच बंद उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये मी आत्याशेजारी बसले असताना तिला त्यांचा मेसेज आला: "ताई, मी बरा आहे, गुडघा सोडून. डोळ्याचं आधी विचारायला हवं होतं. चुकलो. संध्याकाळी येतोय, घरी आहेस ना?"

आत्याने दोनदा वाचलं, नाक ओढलं, आणि नुसता अंगठा पाठवला.

"आत्या, भडका उडेल. पप्पा येत नाहीत बघ. पैज."

"हरलीस तर व्हॅन धुवायची. त्याने शेवटी विचारलंय काय? घरी आहेस ना. त्याला 'हो' पुरतं. बाकीचं तोंडावर बोलेन, सोडते की काय."

संध्याकाळी पप्पा हत्यारांच्या पिशवीसकट दारात उभे. आत्या त्यांना झापत होती, ते तिचा डोळा उजेडाकडे वळवून बघत होते, आणि मी व्हॅनच्या मागच्या सीटखाली चिकटलेलं च्युइंगम खरवडत होते.