भांड्यांच्या दुकानाची जाडी अक्षरं

धोंडीराम यादव यांच्या संगणकाच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला आहे. ‘अक्षरं ओढू नयेत.’ नाशकात शालिमारच्या मागे बोर्ड बनवणाऱ्या दुकानात ते अठरा वर्षं डिझाइनला बसतात, आणि या एका बाबतीत त्यांचा स्वभाव जमदग्नीचा. फॉन्ट बनवणाऱ्याने अक्षराची जाडी-रुंदी तोलून ठेवलेली असते. जागा उरली म्हणून ते रबरासारखं ताणणारा माणूस त्यांच्या लेखी गुन्हेगारच. शेजारच्या टेबलावरची चैताली यावरून आठवड्याला एकदा तरी बोलणी खाते.

त्या दिवशी दिंडोरीच्या कुसाबाई आल्या. त्यांचं ‘आनंद भांडी भांडार’ रस्ता रुंदीकरणात गेलं, बोर्डाचा जेसीबीखाली चुरा झाला. नवीन दुकान आतल्या गल्लीत, आणि बुधवारी उघडायचं.

“भाऊ, बोर्ड अगदी तसाच पायजे. आमच्याकडं पेठकडची डोंगरातली म्हातारी माणसं येत्यात. त्यांना वाचता येत नाय. ती अक्षरं बघून दुकान वळखतात. बोर्ड बदलला तर शेजारच्या दुकानात शिरतील.”

चैतालीने पाच सुंदर नमुने दाखवले. बाईंनी पाचही वेळा मान हलवली. पुरावा म्हणून मोबाइलात एकच फोटो होता: दुकानासमोर पूजेला उभी माणसं, वर झेंडूचं तोरण, आणि या सगळ्यांतून डोकावणारी तीनच अक्षरं. एक ‘नं’ आणि दोन ‘भां’.

चैतालीने फोटो फॉन्ट ओळखणाऱ्या अॅपला दिला. अॅपने भलतीच नावं सांगितली. “देवनागरीत त्याचं डोकं चालत नाही,” म्हणत धोंडीरामांनी खुर्ची पुढे ओढली.

फोटो खालून, तिरका काढलेला. त्यांनी आधी बोर्डाच्या चौकटीचे चार कोपरे धरून तो सरळ केला. मग एक ‘भां’ उचलून दुसऱ्यावर ठेवला. तंतोतंत बसला. म्हणजे पेंटरच्या हाताचं काम नाही, संगणकावरचाच फॉन्ट. पेंटरचे दोन ‘भ’ कधी इतके सारखे नसतात.

पण कुठला फॉन्ट? ‘भ’ची गाठ आणि ‘न’चा गोळा पाहून ‘शर्वरी’ वाटत होता. शर्वरीची शिरोरेषा आणि उभा दंड मात्र जवळपास सारख्याच जाडीचे असतात. इथे शिरोरेषा बारीक आणि दंड दीडपट जाड! तासभर त्यांनी पन्नासेक फॉन्ट लावून पाहिले. एकही जुळेना. कुसाबाई स्टुलावर बसून होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. धोंडीरामांना फार वाईट वाटलं.

मग त्यांची नजर अनुस्वारावर गेली. तिन्ही टिंबं लांबट, आडवी, शेंगदाण्यासारखी.

“चैताली, शर्वरीचं टिंब कसं असतं?”

“गोल. अगदी गोल.”

त्यांनी फोटोची रुंदी दाबत आणली. टिंब गोल झालं तेव्हा तीन इंचांचे दोन उरले होते. त्यावर शर्वरीतला ‘भां’ ठेवला. गाठ गाठीवर, दंड दंडावर. जराही फट नाही. ‘नं’सुद्धा तसाच बसला.

“कुणीतरी ओढलाय, काका!” चैताली टाळी वाजवून म्हणाली. “दीडपट!”

“कुण्या गाढवाने,” धोंडीराम म्हणाले आणि तिथेच थांबले. दीडपट. संगणकात रुंदीच्या चौकटीत एकशे पन्नास टक्के. नवशिके असताना त्यांना तेवढी एकच युक्ती येत होती.

“ताई, हा बोर्ड कुठं केला होता?”

“हितंच, नाशकात. वीस वर्सं झाली. जिन्याखालच्या दुकानात. सासरे सांगायचे, बोर्ड लांब झाला न् नाव तोकडं पडलं. मग तिथल्या लाजऱ्या पोरानं अक्षरं जाडी करून दिली.”

जिन्याखालचं दुकान म्हणजे धोंडीरामांची पहिली नोकरी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधता शोधता स्वतःचं मुसळ हाती लागलं होतं. ते कानापर्यंत लाल झाले. चैतालीने भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाहिलं आणि शहाण्या मुलीसारखी आपल्या कामाला लागली.

त्यांनी शर्वरीत पूर्ण नाव टाइप केलं. रुंदीच्या चौकटीत कर्सर नेला. मग एकशे पन्नास टाकलं. प्रिंट हातात पडताच कुसाबाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

“हेच! हेच आमचं दुकान!”

“ताई, तो लाजरा पोरगा मीच,” धोंडीराम खाली बघत म्हणाले. “ही अक्षरं अशी नसतात. माझ्या हातून बिघडली होती.”

कुसाबाईंना काही कळेना. “बिघडली कशी? वीस वर्सं माणसं तीच बघून आली की भाऊ.”

बुधवारी सकाळी पहिल्या गाडीने धोंडीराम बोर्ड लावायला स्वतः दिंडोरीला गेले आणि तो लावून झाल्यावर गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. अकराच्या सुमाराला डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी आली. तिने वर बोर्डाकडे पाहिलं, आणि कुणालाही न विचारता दुकानात वळली.