‘घरोघरी’ हा शब्द

पंचेचाळिशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. सौंसरला नर्स होते. अभ्यासरजा घेऊन पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात पोस्ट बेसिक, म्हणजे नर्सिंगची पुढची पदवी, करायला जायचे. माझ्या गाईड मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान. त्या मला ताई म्हणायच्या, मी त्यांना मॅडम, आणि चूक सापडली की दोघींचाही सूर बदलायचा.

संशोधनाचा विषय साधा होता. लहान मुलाला जुलाब लागले तर घरी काय करायचं, हे रामाकोन्यातल्या आयांना किती माहीत आहे? आधी प्रश्नावली भरून घेतली, मग चित्रं दाखवून शिकवलं, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा. गुण वाढले. ही वाढ योगायोगाची नाही ना हे पाहणारी टी-टेस्टही माझ्या बाजूने उभी राहिली. आता निष्कर्ष आणि गोषवारा लिहिला की अहवाल पूर्ण. तो जमा करायचा शेवटचा दिवस; त्यावर चारच्या आत मॅडमची सही झाली नाही तर तोंडी परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि रजा तर संपत आलेली.

गोषवारा अहवालात सगळ्यात पुढे लागतो, पण लिहायचा सगळ्यात शेवटी. मी सुरुवातीलाच, परवानगीसाठी दिलेल्या आराखड्यावरून उतरवून मोकळी झाले होते. अहवाल इंग्रजीत होता. मॅडमनी पहिलं वाक्य वाचून त्याचं मराठी केलं.

“अभ्यास झाला ना ताई?”

“झाला की.”

“मग इथे ‘करून राहिलो’ कशाले? अजून रामाकोन्यातच हाय का तुम्ही?”

पुढची क्रियापदं भूतकाळात न्यायचं माझ्यावर सोपवलं. मग मॅडम निष्कर्षावर आल्या. तो मी जीव ओतून लिहिला होता. शेवटचं वाक्य तर पडदा पडून टाळ्या वाजाव्यात असं; मराठीत सांगायचं तर: ‘आज रामाकोन्यात घरोघरी आया मीठ-साखरेचं पाणी अचूक बनवतात, हे या अध्ययनाने सिद्ध झाले आहे.’

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, भारावल्या.

“घरोघरी?”

“हो मॅडम. एकीने माझ्यासमोर बनवून दाखवलं. डोळ्यांनी पाहिलं मी.”

“किती घरी पाहिलं?”

“…एका.”

“तुमच्या प्रश्नावलीत बनवून दाखवा असं होतं?”

“नाही. किती पाणी, किती मीठ, एवढंच विचारलं.”

“म्हणजे माहिती मोजली. हात कुठे मोजले?”

मी म्हटलं, “मॅडम, पण वाक्य जमलंय ना?”

“जमलं तर! नाटकात घाला.” मग त्यांनी ‘सिद्ध झाले’वर काट मारली. “अन् हे बी नाही. दुसऱ्या गावात न शिकवता मोजलं असतं, तर तुलना होती. एकाच गटावर सिद्ध कसं म्हणता?”

एवढ्यावर थांबल्या नाहीत. आयांचं शालेय शिक्षण आणि त्यांचे गुण यांचा संबंध मी काय-स्क्वेअर चाचणीने तपासला होता; तो निघाला नव्हता. रंगाचा बेरंग नको म्हणून मी ते निष्कर्षातून गाळलं होतं.

“हे कुठे गेलं?”

“ते काही निघालं नाही, मॅडम.”

“नाही निघालं, हेच तर निघालं! उद्देशात लिहिलं ना तुम्ही? मग उत्तर द्यावंच लागते.”

समोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून मी नवा निष्कर्ष टाईप केला: शिकवल्यानंतर आयांचं ज्ञान लक्षणीय वाढल्याचं आढळलं, शिक्षणाशी त्याचा लक्षणीय संबंध आढळला नाही. कृती प्रत्यक्ष पाहून पुढे अभ्यास करावा, हे शिफारशींत गेलं. इतकं सपाट मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

प्रिंट घेऊन आले तेव्हा साडेतीन वाजले होते. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. निष्कर्ष वाचला, मान डोलावली. मग पानं मागे उलटत सुरुवातीच्या गोषवाऱ्यावर आल्या, आणि टोपण परत लागलं.

“ताई.”

“काय झालं बापा?”

त्यांनी बोट ठेवलं. निष्कर्षातून हाकललेली ‘घरोघरी’ गोषवाऱ्याच्या तळाशी पाय पसरून बसली होती. आवडतं वाक्य म्हणून मीच ते तिथेही जोडलं होतं; एकीकडे बदल केला, दुसरीकडे विसरले.

“लोक आधी हेच वाचतात,” मॅडम म्हणाल्या. “बरेच जण तर एवढंच वाचतात.”

मी पुन्हा दुकानात पळाले. दुकानदार हसला, “मॅडम, पेपर देऊन राहिल्या का?” मी गोषवाऱ्याचं ते वाक्य पुसलं आणि निष्कर्षातलं वाक्य जसंच्या तसं तिथे ठेवलं. एकही विशेषण घातलं नाही. हात शिवशिवत होते.

चारला पाच मिनिटं असताना मॅडमनी दोन्ही पानं शेजारी ठेवून शब्दाला शब्द लावून पाहिला. मग सही केली, खाली तारीख टाकली.

“परीक्षकानं विचारलं, तुमच्या अभ्यासातून काय निघालं, तर काय सांगाल?”

“शिकवल्यावर आयांचं ज्ञान वाढल्याचं आढळलं.”

“अन्?”

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं.

“अन् शिक्षणाशी संबंध आढळला नाही,” मी म्हटलं, आणि अहवाल उचलला.