आमच्या पॉइंट्स टेबलचा नेट रन रेट

इथे अमेरिकेत, चँडलरमधल्या आमच्या क्रिकेट ग्रुपमध्ये पुरुषांची लीग बरीच वर्षं चालू होती. बायकांनी चार टीम्स उभ्या केल्या, पार्कमधलं मैदान शनिवारी सकाळी बुक केलं, तेव्हा पुरुषांच्या लीगचा आयोजक म्हणाला, मजा येईल. त्या 'मजे'चा मला राग आला. मी चिप डिझाइनच्या ऑफिसात दिवसभर आकड्यांशी झगडते, नागपूरला कॉलेजच्या टीमकडून खेळलेली आहे, आणि आमचं पॉइंट्स टेबल ठेवायचं काम मी स्वतः मागून घेतलं होतं.

दोन टीम्सचे पॉइंट्स सारखे झाले तर नेट रन रेट लागतो: आपण ओव्हरमागे किती धावा काढल्या, त्यातून ओव्हरमागे किती दिल्या ते वजा. पुरुषांच्या लीगच्या शीटमध्ये तो फॉर्म्युला तयार होता. मी आयोजकाकडे फाइल मागितली. तो म्हणाला, "वहिनी, फाइलमध्ये सगळं लिंक केलेलं आहे, उगाच बिघडेल. आणि तुमच्या तीन-तीन मॅचेसना नेट रन रेट कशाला?" वर उपकार केल्यासारखा एक स्क्रीनशॉट पाठवला. त्यात फॉर्म्युला दिसत होता, पण उजवीकडून कापलेला:

=SUM(C4:C11)/(SUM(D4:D11)/6)-SUM(E4:

मी परत मागितलं नाही. फोन लॅपटॉपला टेकवून ठेवला आणि चित्र नीट वाचलं. C मध्ये काढलेल्या धावा, D मध्ये खेळलेले चेंडू. चेंडूंना सहाने भागलं की ओव्हर्स. E आणि F च्या डोक्यावर दिलेल्या धावा आणि टाकलेले चेंडू. म्हणजे कापलेला भाग पहिल्या भागासारखाच असणार, फक्त कॉलम E आणि F. त्यांच्या प्रत्येक टीमच्या आठ मॅचेस, म्हणून चौथ्या ते अकराव्या ओळीपर्यंत. आमच्या शीटमध्ये प्रत्येक टीमला तीनच ओळी. पहिली टीम तिसऱ्या ते पाचव्या ओळीत, माझी टीम आठव्या ते दहाव्या ओळीत.

तिसऱ्या मॅचेस संपल्यावर मी माझ्या टीमपासून सुरुवात केली. पहिला अर्धा भाग टाइप करून पाहिला, तर ओव्हरमागे ३.७२ धावा. हे शक्यच नव्हतं. आम्ही तीस ओव्हर्समध्ये १८६ धावा काढल्या होत्या, सहाच्या वर. शीटने कुठलीही एरर दाखवली नव्हती, हेच जास्त वाईट. मग दिसलं: धावांची रेंज मी बदलली होती, चेंडूंची D4:D11 तशीच राहिली होती. त्यामुळे वरच्या टीमच्या दोन मॅचेसचे चेंडूही आमच्या ओव्हर्समध्ये धरले जात होते. दुरुस्त करून पूर्ण लिहिलं:

=SUM(C8:C10)/(SUM(D8:D10)/6)-SUM(E8:E10)/(SUM(F8:F10)/6)

पहिल्या भागाचे ६.२ आले. मग चारही टीम्सच्या ओळींप्रमाणे रेंज बदलली आणि प्रत्येकीचं उत्तर कागदावर पडताळून पाहिलं. टीम ऑल आउट झाली असली तरी तिचे दहा ओव्हर्सचे पूर्ण साठ चेंडू धरायचे, हा नियमही पाळला.

पहिला नंबर आधीच ठरलेला होता. दुसऱ्या जागेसाठी दोन टीम्सचे पॉइंट्स सारखे होते, आणि त्यातली एक माझी. आमचा नेट रन रेट थोडासा कमी पडला. फायनलमधून आम्ही बाहेर.

मी टेबल तसंच ग्रुपवर टाकलं. आमच्या विकेटकीपरचा लगेच फोन आला. तिने पुण्याहून आणवलेले ग्लव्ह्ज अजून नीट वापरलेही नव्हते. ती रडवेली होऊन म्हणाली की इतक्या छोट्या फरकाने कोणी काही म्हणणार नाही, टॉस करून ठरवू. मला तिचं मन मोडवेना, पण मी नाही म्हणाले.

फायनलच्या सकाळी आयोजक ट्रॉफी घेऊन मैदानावर आला. आमची पडलेली तोंडं पाहून त्याने तोडगा सुचवला: बायकांच्याच तर मॅचेस आहेत, तिन्ही टीम्सना खेळवून टाकू, कोणी नाराज नको.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी लॅपटॉप त्याच्यासमोर धरला.

"तुमच्या लीगमध्ये तिसऱ्या टीमला फायनल खेळवाल?"

त्याने ट्रॉफी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "नाही."

"मग आमच्यातही नाही. आम्ही हरलोय, ते हरणं तसंच राहू द्या."

त्याने आकडे खाली-वर करून पाहिले, आमच्या फॉर्म्युलाच्या सेलवर क्लिक केलं, तो शेवटपर्यंत वाचला, आणि ट्रॉफी टेबलावर ठेवून बाजूला झाला.

विकेटकीपर माझ्याशी त्या दिवशी फारसं बोलली नाही. पण स्कोअरिंगला माझ्या शेजारी ती बसली, आणि आम्हाला मागे टाकणाऱ्या टीमच्या पहिल्या चौकारावर सगळ्यांच्या आधी टाळी तिने वाजवली.