सतराव्या फाईलची तारीख

ऑफिसात तिला सगळे शंकासुर म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण असलं नाव चोवीस वर्षं कानावर आल्याशिवाय थोडंच राहतं? तिला त्याचं वाईट वाटत नसे. ऑडिटरने शंका घ्यायची नाही तर काय टाळ्या वाजवायच्या? हल्ली मात्र शंका घ्यायचाही कंटाळा येऊ लागला होता. बावन्नावं सरत आलं होतं. गुडघे कुरकुरत होते आणि कोणी तक्ता पुढे केला की आधी त्याची लांबी किती ते ती बघायची.

गेली अकरा वर्षं एका विमा कंपनीचं ऑडिट तिच्या गळ्यात होतं. आयुर्विमा नव्हे, गाड्या, घरं, दुकानं यांचा विमा. अशा कंपनीच्या ताळेबंदात सगळ्यात मोठा आकडा असतो तो अजून न दिलेल्या पैशांचा. अपघात होऊन गेलेला असतो, पण कोर्टात तारखांवर तारखा पडत असतात. काही अपघात तर कंपनीच्या कानावरही आलेले नसतात. त्या सगळ्यांसाठी आज किती रक्कम राखून ठेवायची याचा अंदाज कंपनीचा ॲक्च्युअरी बांधतो, आणि तो अंदाज पटण्याजोगा आहे का, हे तिने तपासायचं. आकडा बरोबर आहे असं छातीठोकपणे कोणालाच म्हणता येत नाही. पटण्याजोगा आहे, एवढंच म्हणायचं. या ‘एवढंच’पायी तिचे केस पांढरे झाले होते.

यंदा मात्र तिचं स्वतःचंही काही अडकलेलं होतं. बावन्न उलटल्यावर तिच्या ऑडिट फर्ममध्ये कोणाला भागीदार करत नसत. दोनदा तिचं नाव यादीपर्यंत जाऊन परत आलं होतं. यंदाचं ऑडिट विनातक्रार पार पडलं की नाव नक्की, असा शब्द तिला मिळाला होता. शब्द देणारा भागीदार तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. कधीकाळी तिच्याच हाताखाली बेरजा मारायला शिकलेला. चारचौघांत ती त्याला सर म्हणायची आणि एकटा असला की अरे-तुरे करायची. तो मात्र एकांतात अजून ताईच म्हणायचा.

त्या दिवशी ती कंपनीच्या तळमजल्यावर, क्लेम विभागात, कोर्टातल्या प्रकरणांची यादी घ्यायला उतरली. तिथले सगळ्यात जुने कारकून म्हणजे नाना. वर्षभरात निवृत्त व्हायचे होते, त्यामुळे कोणाला भ्यायचे नाहीत. ते एक फाईल दोरीने बांधत होते. फाईल चांगली वीतभर जाड, कडा पिवळ्या पडलेल्या. वरचं लेबल मात्र कोरं करकरीत, त्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख.

“नाना, ही दोन वर्षांपूर्वीची? अंगाने तर बरीच थोराड दिसतेय.”

“जुनीच आहे हो. आठ वर्षं झाली. ट्रकखाली पाय गेला होता त्या माणसाचा. आपण थोडे पैसे देऊन फाईल बंद केली, तो वरच्या कोर्टात गेला. मग पुन्हा उघडावी लागली.”

“मग नंबर नवा कसा?”

“नवीन सिस्टीममध्ये बंद झालेला जुना क्लेम उघडतच नाही ना! चार वर्षं वरती सांगून सांगून दमलो. मग काय, नवा क्लेम म्हणून टाकायचा. अपघाताची तारीख म्हणून आपण फाईल पुन्हा उघडली ती तारीख घालायची. नाहीतर सिस्टीम पुढे सरकू देत नाही.”

“अशा किती आहेत?”

नानांनी मागच्या लोखंडी कपाटाकडे हात केला. “खालचे दोन खण.”

ती जवळच्या स्टुलावर बसली. नानांना वाटलं, बाईंना चक्कर आली. त्यांनी पाणी आणून दिलं.

काय झालंय ते तिला बसल्याजागी कळलं होतं. ॲक्च्युअरी एक त्रिकोणी तक्ता मांडतो. अपघात ज्या वर्षी झाला त्या वर्षाची एक ओळ. पुढे दर वर्षी त्या ओळीतली रक्कम किती फुगत गेली ते एकेका रकान्यात. जुन्या वर्षांच्या ओळी जशा फुगल्या तशा नव्याही फुगतील, असं धरून तो पुढचा अंदाज काढतो. या कंपनीच्या ॲक्च्युअरीने धरलं होतं की सहाव्या वर्षानंतर ओळ फुगायची थांबते. तिने मागेच विचारलं होतं, “सहा वर्षांनंतर शून्य? कोर्टं एवढी चटपटीत कधीपासून झाली?” त्याने तक्ता पुढे ठेवला. जुन्या ओळी खरंच थांबलेल्या दिसत होत्या. दिसणारच! पुन्हा उघडलेलं प्रत्येक जुनं प्रकरण नव्या वर्षाच्या ओळीत जाऊन बसत होतं.

बरं, तपासण्यात तिने कसर ठेवली होती असंही नाही. तक्त्याची बेरीज तिने खातेवहीशी ताडून पाहिली होती. ती जुळली, कारण पैसा सगळा होताच, फक्त भलत्या ओळीत होता. फर्मच्या स्वतःच्या ॲक्च्युअरीने वेगळा हिशेब करून पाहिला, तोही जुळला. त्यानेही तोच तक्ता वापरला होता.

वर येऊन तिने जुने कागद उघडले. तीन वर्षांपूर्वी तिने पंचवीस फाईली उचलून त्यांतल्या तारखा सिस्टीमशी ताडल्या होत्या. चोवीस जुळल्या. सतरावी जुळली नव्हती. पोलिसांच्या कागदावरची तारीख पाच वर्षं आधीची होती. समोरच्या रकान्यात तिने स्वतः लिहिलं होतं, “विचारणा केली. टायपिंगची चूक. एवढी एकच. पुढील कार्यवाहीची गरज नाही.” त्या संध्याकाळी आपण कोणत्या घाईत होतो, हे तिने आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

कंपनीचा ॲक्च्युअरी तिशीतला, सज्जन पोरगा. ऐकून त्याचा चेहरा उतरला. “मॅडम, मला जो डेटा दिला त्याच्यावर मी…”

“मीही त्याच्यावरच. आता दोघं मिळून निस्तरू.”

खालचे दोन्ही खण रिकामे करून, खऱ्या तारखा घालून त्याने चार दिवसांत तक्ता पुन्हा मांडला. जुन्या ओळी दहाव्या वर्षापर्यंत फुगत होत्या. त्याने एक रास्त मुद्दाही काढला: नव्या वर्षांच्या डोक्यावर बसलेलं जुन्यांचं ओझं उतरल्यावर तिथला अंदाज कमी करावा लागेल. तिने तो मान्य केला. पण पुढच्या कागदावर तिचं बोट थांबलं.

“सहाव्या वर्षानंतरच्या वाढीसाठी तू दोनच वर्षांची सरासरी घेतलीस. का?”

“ती दोन जरा स्वच्छ आहेत, मॅडम.”

“स्वच्छ म्हणजे कमी वाढीची, असंच ना?”

तो ओशाळून हसला. मग त्याने पाच वर्षं घेतली. एक वर्ष खरंच विचित्र होतं, तेवढं का सोडलं ते लिहून सोडलं. नव्या वर्षांतली वजाबाकी धरूनही राखायची रक्कम इतकी वाढली की वर्षाचा नफा निम्मा होत होता. आणि त्या तुटीतला मोठा वाटा यंदाचा नव्हताच. तो मागच्या वर्षांच्या हिशेबात तेव्हाच दिसायला हवा होता.

भागीदाराने सगळं शांतपणे ऐकलं आणि दार लावून घेतलं.

“ताई, नवीन माहिती मिळाली, अंदाज बदलला. सगळा फटका या वर्षात दाखवू आणि मोकळे होऊ. चूक म्हटलं की गेल्या वर्षीचे आकडे दुरुस्त करून छापायचे. मग जो तो विचारणार, ऑडिटर काय झोपा काढत होते?”

“माहिती नवीन नाही रे.” तिने सतराव्या फाईलचा कागद पुढे सरकवला.

त्याने तो दोनदा वाचला. “हे वर कोणी तपासलं होतं?”

“तूच. खाली सही आहे तुझी.”

त्याने कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाला, “कंपनीच्या ऑडिट समितीसमोर मी बोलेन. तू फक्त आकडे सांग. आणि ताई, यादी पुढच्या महिन्यात आहे. धमकी नाही देत. आठवण करून देतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान. निघायची घाई होती, तरी खुर्ची ओढून बसला.

“तू गप्प बसलीस तर कोणाला कळेल?”

“कोणालाच नाही हो. आकडा तर यंदा दुरुस्त होतोच आहे.”

“मग घोडं अडलं कुठे?”

“कळण्यासारखं नव्हतं असं लिहायचंय. आणि ते मला कळण्यासारखं होतं. त्या नफ्यावर त्यांनी लाभांश वाटला, गाड्यांच्या विम्याचे दर उतरवले. सगळं माझ्या एका ओळीवर.” ती कपाकडे बघत बसली. “मला भागीदार व्हायचं होतं हो. फार नाही, पण व्हायचं होतं.”

“माहितीय मला,” तो म्हणाला. “मी चोवीस वर्षं ऐकतोय.” त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.

ऑडिट समितीची बैठक सहाव्या मजल्यावर होती. अध्यक्षस्थानी एक वयस्क बाई होत्या. कमी बोलणाऱ्या, पण कागद वाचून येणाऱ्या. ॲक्च्युअरीने तक्ते दाखवले, तिने आकडे सांगितले. बाईंनी चष्मा काढून एकच प्रश्न विचारला, “हे गेल्या वर्षी हिशेब करताना कळण्यासारखं होतं का?”

भागीदाराने घसा साफ केला. “त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीचा विचार करता…”

“होतं,” ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही हे तिला माहीत होतं. “तीन वर्षांपूर्वी एका फाईलची तारीख जुळली नव्हती. ती मीच पाहिली. एका माणसाला विचारलं, तो म्हणाला टायपिंगची चूक, आणि मी तसं लिहून टाकलं. तळमजल्यावर जाऊन कपाट उघडलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.”

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. “म्हणजे अंदाज बदललेला नाही, चूक झाली आहे. मागचे आकडे दुरुस्त करा,” असं म्हणून त्या पुढच्या विषयाकडे वळल्या. चोवीस वर्षांचा निकाल लागायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

लिफ्टमध्ये दोघंच होती. चार मजले तो दारावरच्या मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभा राहिला.

“यादीचं आता माझ्या हातात काही राहिलं नाही, ताई.”

“माहितीय.”

“निदान आत जाण्याआधी मला एकदा विचारायचंस.”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास,” ती म्हणाली, “आणि मी ऐकलं असतं.”

दार उघडलं. त्याने तिला आधी बाहेर पडू दिलं.